नोकरीसाठी थेट मेल लिहिताना: एका इंजिनिअरचे चार मसुदे

आवडत्या कंपनीला स्वतःहून लिहिलेले मेल माझ्याकडे वाचायला येतात. मी फर्मवेअरची, म्हणजे उपकरणाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची, टीम सांभाळतो. बहुतेक मेल मनापासून लिहिलेले असतात, भाषा नीट असते, पण शेवटपर्यंत वाचूनही या माणसाला नेमकं काय येतं ते कळत नाही. संकोची माणसांच्या मेलमध्ये तर हमखास. त्यांनी काम केलेलं असतं आणि ते चांगलंही असतं, पण मेलमध्ये ते शोधावं लागतं, आणि शोधायला वेळ कुणाकडेच नसतो.

पुढच्या पायऱ्या मी एका इंजिनिअरच्या गोष्टीतून सांगतो. ती बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या उपकरणांचं फर्मवेअर लिहिते. मीटिंगमध्ये सहसा बोलत नाही, विचारलं तर अचूक उत्तर देते. तिला जिथे जायचं आहे ती कंपनी शीतगृहांत लावायचे तापमान-नोंदक बनवते. मेल पाठवायचा तिचा विचार जुना होता, पण मसुदा पुढे सरकत नव्हता. कारण ती सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करत होती.

## १. मेल उघडायच्या आधी कामाचा कागद लिहा

मेलची खिडकी उघडली की माणूस "आदरणीय" लिहितो आणि अडकतो. म्हणून आधी साधा कागद घ्या. आपण केलेलं एकच काम निवडा आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा: काय बिघडलं होतं? कारण काय निघालं? मी स्वतः काय केलं? आधी किती होतं, नंतर किती झालं, आणि ते कशाने मोजलं?

तिच्या कागदावर हे उतरलं. एक बिनतारी सेन्सर बटण सेलवर चालायचा, सीआर २०३२ वर. हा सेल साधारण २२५ मिलिअँपिअर-तासांचा असतो. उपकरण दर १० मिनिटांनी जागं होऊन मापन पाठवायचं आणि पुन्हा झोपायचं. तरी महिन्याभरात सेल संपत होता. झोपेतला करंट मोजला तर ३०४ मायक्रोअँपिअर आला. तो पाचाच्या आत असायला हवा होता.

तिने एकेक भाग बंद करून पाहिला. सेन्सर चिपच्या सूचना-पिनवर, तिला एरवी वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवणारा, १० किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर होता. झोपायला जाण्याआधी फर्मवेअर त्या चिपमधला इंटरप्टचा झेंडा, म्हणजे 'इकडे लक्ष द्या' ही खूण, साफ करत नव्हतं, त्यामुळे पिन खाली ओढलेलीच राहायची. ३ व्होल्ट भागिले १० किलोओहम म्हणजे ३०० मायक्रोअँपिअर, आणि तेही दिवसरात्र. झोपेआधी झेंडा साफ करणारी ओळ टाकल्यावर झोपेतला करंट ४ वर आला. जागं होण्याचा खर्च सरासरीत ८ पडत होता. म्हणजे एकूण सरासरी ३१२ वरून १२. हिशेबाने सेलचं आयुष्य महिन्याचं दोन वर्षांवर गेलं.

हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तरी कागदावर पहिल्यांदा तिने काय लिहिलं असेल? "सेन्सरच्या पॉवर ऑप्टिमायझेशनमध्ये सहभाग."

तपासणी: कागदावर एक तरी आकडा एककासकट आहे का? नसेल तर दुसरं काम निवडा. प्रत्येक कामाला आकडा नसतो हे खरं. तेव्हा "आधी हे होत नव्हतं, आता होतं" एवढं तरी लिहिता आलं पाहिजे.

सावधान: सध्याच्या कंपनीचं उत्पादन, ग्राहकाचं नाव, सर्किटचा आराखडा, कोड यांतलं काही बाहेर जाता कामा नये. "बटण सेलवरचा बिनतारी सेन्सर" एवढं पुरतं. जो आपल्या आजच्या कंपनीची गुपितं मेलमध्ये लिहितो, तो उद्या आमचीही लिहील, हा विचार वाचणाऱ्याच्या डोक्यात लगेच येतो.

## २. समोरच्याला काय लागतं ते त्यांच्याच कागदपत्रांत शोधा

"आमच्याविषयी" हे पान वाचून काही हाती लागत नाही. उत्पादनाची पुस्तिका, फर्मवेअरच्या नव्या आवृत्त्यांसोबतच्या नोंदी आणि जुन्या-नव्या नोकरीच्या जाहिराती वाचा. कंपनी रोज कशाशी झगडते ते या तीन ठिकाणी दिसतं.

तिला आवृत्तींच्या नोंदींमध्ये बॅटरीच्या आयुष्यात सुधारणा केल्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा आढळला. पुस्तिकेत सेल बदलण्याची पद्धत सविस्तर दिली होती. जिथे शेकडो नोंदक छताजवळ लावलेले असतात तिथे सेल बदलणं हे मोठं काम असतं, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. तिच्या कागदावरचं काम आणि त्यांची गरज इथे जुळली.

जुळलं नाही तर काय? तर बहुधा काम चुकीचं निवडलंय, नाहीतर कंपनी. दोन्ही नीट निवडल्याशिवाय पुढच्या पायऱ्यांना अर्थ नाही.

सावधान: जे सापडलं ते त्यांच्या तोंडावर मारू नका. "तुमच्या उपकरणाची बॅटरी लवकर संपते असं दिसतं" हे वाक्य तिने एकदा लिहिलं आणि खोडलं. बरं झालं. बाहेरून केलेलं निदान चुकलं तर हसं होतं आणि बरोबर निघालं तर मन दुखावतं.

## ३. पहिला मसुदा: सांडू द्या, पण पत्त्याची जागा रिकामी ठेवा

आता मेल लिहा. "प्रति" ची जागा पाठवायच्या पायरीपर्यंत रिकामी ठेवा. चुकून बटण दाबलं गेलं तरी मेल जाणार नाही, आणि ही खात्री असली की हात मोकळा चालतो.

तिचा पहिला मसुदा असा होता:

> आदरणीय महोदय/महोदया,
> आपल्या मौल्यवान वेळेत व्यत्यय आणत असल्याबद्दल क्षमस्व. मी कॉलेजपासून आपल्या कंपनीची चाहती आहे. आपल्यासारख्या नामांकित संस्थेत काम करणं हे माझं स्वप्न आहे. मला एम्बेडेड क्षेत्रातला थोडाफार अनुभव आहे. आपल्याकडे माझ्यायोग्य कोणतंही काम असल्यास कृपया विचार व्हावा. मी शिकायला तयार आहे. काही चुकलं असल्यास माफ करावं.

हा मसुदा वाईट नाही, फक्त तो पाठवायचा नसतो. त्यातली नम्रता खरी आहे. पण आता प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारायचा: हेच वाक्य दुसऱ्या कुणी दुसऱ्या कंपनीला पाठवलं तर चालेल का? चालत असेल तर ते खोडा.

तिने पेन्सिल घेऊन छापील प्रतीवर हे केलं. क्षमस्व, खोडलं. चाहती, खोडलं. नामांकित, खोडलं. "थोडाफार अनुभव" पाशी ती थांबली, कारण तिथे काहीतरी खरं होतं. पण थोडा म्हणजे किती आणि फार म्हणजे कशात? तेही खोडलं. शेवटी कागदावर तिचं नाव तेवढं राहिलं.

"कोणतंही काम" या दोन शब्दांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लिहिणाऱ्याला ते लवचीकपणाचं लक्षण वाटतं. वाचणाऱ्याला त्यातून जादा काम मिळतं. आता त्याने तुमचा बायोडेटा उघडायचा, तुम्हाला काय येतं ते ओळखायचं, आपल्याकडे कुठे जागा आहे ते आठवायचं आणि दोन्हींची सांगड घालायची. तो हे करत नाही. मेल "नंतर बघू" मध्ये जातो.

## ४. दुसरा मसुदा: इथे माणूस उलट्या टोकाला जातो

पहिला मसुदा कोरा झाला की संकोची माणूस घाबरून याद्यांचा आधार घेतो. यादीत "मी" म्हणावं लागत नाही ना!

> मला सी, सी++, आरटीओएस, आयटूसी, एसपीआय, यूएआरटी, ब्लूटूथ लो एनर्जी, लो-पॉवर डिझाइन, डीबगिंग आणि टीमवर्क यांचं ज्ञान आहे. आमच्या टीमने एका उत्पादनाचा वीजवापर ९६ टक्क्यांनी कमी केला.

यात दोन दोष आहेत. यादीतल्या प्रत्येक शब्दामागे किती खोली आहे ते कळत नाही. पुस्तकात वाचलेला आयटूसी आणि रात्री दोनला ऑसिलोस्कोपवर पाहिलेला आयटूसी यादीत सारखेच दिसतात. दुसरा दोष ९६ टक्क्यांचा. आकडा खरा आहे, ३१२ चे १२ झाले म्हणजे घट तेवढीच होते. पण कशाचे ९६ टक्के? आधी करंट अवाच्या सवा असेल तर ९६ टक्के घट सोपी असते. टक्केवारीच्या जागी मूळचे दोन आकडे दिले की जाणकार वाचक स्वतः ठरवतो, आणि जो ठरवू शकतो त्यालाच तर आपण लिहितोय.

हा मसुदा तिने जुन्या नोकरीतल्या मैत्रिणीला दाखवला. तिने दुसरं वाक्य वाचलं आणि विचारलं,

"अगं, तो पुल-अपचा घोळ कुणी शोधला होता?"

"मी. म्हणजे, बोर्ड दुसऱ्यांनी बनवला होता. आणि चाचणीला सगळेच होते."

"बोर्डाचं विचारत नाहीये. शोधला कुणी?"

"मी."

"मग हे 'आमच्या टीमने' कुठून आलं?"

"बरं दिसत नाही गं, मी मी करणं."

"मग टीमचं टीमला दे. बोर्ड कुणी केला ते लिही, आणि शोधलंस ते तुझ्या नावावर लिही. यात मी मी कुठे आलं?"

हा सल्ला मला फार पटतो. "आम्ही" च्या मागे लपणारा माणूस प्रामाणिकपणासाठीच लपतो, दुसऱ्याचं श्रेय आपल्याकडे येऊ नये म्हणून. त्यावरचा उपाय प्रत्येकाचा वाटा वेगळा लिहिणं हा आहे. "आम्ही" एवढंच लिहिलं तर कुणाचंच श्रेय नीट पोचत नाही.

तपासणी: मसुद्यातली "करण्यात आलं", "केलं गेलं", "सहभाग होता", "मदत केली" ही रूपं शोधा. प्रत्येक ठिकाणी विचारा: कुणी केलं? उत्तर "मी" असेल तर क्रियापद बदला. नसेल तर ते ज्याचं त्याच्या नावावर लिहा, नाहीतर वाक्य काढा.

## ५. तिसरा मसुदा: एकच वाक्य, आणि ते सगळ्यात वर

या पायरीवर पूर्ण मेल लिहायचा नाही. एकच वाक्य लिहायचं, त्याचा साचा असा: मी अमुक प्रकारच्या वस्तूंमधली अमुक अडचण शोधून दूर करते. वस्तू नेमकी हवी, अडचण नेमकी हवी, क्रियापद आपलं हवं.

तिचे प्रयत्न क्रमाने बघण्यासारखे आहेत.

"मला लो-पॉवर क्षेत्रात काम करण्याची आवड आहे." आवड तिची, पण समोरच्याला त्यातून काय मिळणार?

"मी कदाचित तुमच्या बॅटरीच्या कामात उपयोगी पडू शकेन असं मला वाटतं." एका वाक्यात तीन वेळा पाय मागे घेतला आहे: कदाचित, शकेन, वाटतं.

"मी कोणत्याही उपकरणाची बॅटरी दोन वर्षं टिकवून देते." मैत्रिणीच्या बोलण्याने चढलेला जोर! हे तर खोटंच झालं.

"बटण सेलवर चालणारी उपकरणं झोपेत जास्त करंट का खातात ते मी शोधते, आणि फर्मवेअरमध्ये दुरुस्त करते."

हे शेवटचं बरोबर आहे. त्यात बढाई नाही, तरी शंकेलाही जागा नाही. आणि मर्यादाही आपोआप आली आहे: फर्मवेअरमध्ये, बटण सेल, झोपेतला करंट. बोर्ड नव्याने मांडण्याचा दावा तिने केलेलाच नाही.

लाजऱ्या माणसाला हे वाक्य लिहिताना फुशारकी मारल्यासारखं वाटतं. त्यावर एक व्यवहारी कसोटी: या वाक्यावर कुणी तीन प्रश्न विचारले तर उत्तरं देता येतील का? येत असतील तर ती फुशारकी नाही, माहिती आहे. "कोणत्याही उपकरणाची" हे वाक्य दुसऱ्याच प्रश्नाला कोसळलं असतं.

सावधान: मोजलेलं आणि हिशेबाने काढलेलं यांत गल्लत नको. करंट तिने मोजला होता. दोन वर्षं हा भागाकार होता, २२५ मिलिअँपिअर-तास भागिले ०.०१२ मिलिअँपिअर. प्रत्यक्षात बदललेली उपकरणं तेव्हा पाच महिने चालू होती. सेल आपोआप थोडा उतरतो, थंडीत त्याची ताकद कमी पडते, हे त्या भागाकारात धरलेलं नसतं. म्हणून दोन्ही वेगवेगळं लिहायचं. जाणकाराचा विश्वास बसतो तो इथेच.

## ६. मागणी छोटी आणि उत्तर देता येईल अशी ठेवा

"संधी द्यावी" याला उत्तर काय द्यायचं? "तुमच्या फर्मवेअर टीममध्ये या कामासाठी जागा आहे का?" याला हो किंवा नाही म्हणता येतं. जाहिरात निघालेली असेल तर आधी तिथला अर्ज रीतसर भरा आणि मेलमध्ये त्या जागेचं नाव लिहा. अर्ज टाळून मेल केला तर आडवाटेने आल्यासारखं दिसतं.

एका मेलमध्ये एकच मागणी. जागा, मार्गदर्शन, ओळख आणि बायोडेटावर अभिप्राय असं सगळं एकदम मागितलं की यांतलं काहीच मिळत नाही.

## ७. चौथा मसुदा जोडा

आता सगळं एकत्र करा. तिचा पाठवलेला मेल हा:

> विषय: फर्मवेअर इंजिनिअर – बटण सेल उपकरणांचा स्लीप करंट कमी करण्याचं काम
>
> नमस्कार,
>
> बटण सेलवर चालणारी उपकरणं झोपेत जास्त करंट का खातात ते मी शोधते, आणि फर्मवेअरमध्ये दुरुस्त करते.
>
> अलीकडचं उदाहरण: एका बिनतारी सेन्सरचा सेल महिन्यात संपत होता. झोपेआधी सेन्सर चिपचा इंटरप्ट साफ होत नसल्याने पुल-अपमधून ३०० मायक्रोअँपिअर वाहत होते. हे मी शोधलं आणि बदललं. सरासरी करंट ३१२ वरून १२ मायक्रोअँपिअरवर आला (मोजलेला). हिशेबाने आयुष्य सुमारे दोन वर्षं. प्रत्यक्षात उपकरणं पाच महिने चालू आहेत. बोर्डाची रचना सहकाऱ्यांची होती.
>
> तुमच्या तापमान-नोंदकांच्या फर्मवेअर टीममध्ये अशा कामासाठी जागा आहे का? असल्यास मला २० मिनिटं बोलायला आवडेल. बायोडेटा जोडला आहे.

खाली नाव आणि फोन नंबर. स्वप्नाचा उल्लेख कुठेही नाही. एक वाक्य ठेवायला हरकत नव्हती असं मला वाटतं, पण शेवटी, आणि कामाचं सांगून झाल्यावर. तिने नाही ठेवलं.

विषयाची ओळ मोबाइलवर अर्धीच दिसते, म्हणून हुद्दा आणि काम सुरुवातीलाच यावं. बायोडेटा पीडीएफ असू द्या आणि फाइलच्या नावात स्वतःचं नाव. "फायनल नवीन २" अशा नावाची फाइल आली की काय समजायचं ते समजतं.

तपासणी: मेल स्वतःलाच पाठवा आणि मोबाइलवर उघडा. स्क्रीन न सरकवता पहिलं वाक्य पूर्ण दिसतं का? जोडलेली फाइल उघडते का? आकडे बायोडेटातल्या आकड्यांशी जुळतात का? तिच्या बायोडेटात "९६ टक्के" तसंच राहिलं होतं. ते तिला इथेच सापडलं.

## ८. पाठवा, आणि मग हात बांधा

आता पत्ता भरा. शक्य असेल तर टीमच्या प्रमुखाला, नाहीतर भरतीच्या पत्त्यावर. दोघांना एकाच वेळी वेगवेगळे मेल नकोत. ते एकमेकांना विचारतातच.

मसुदा सुधारत राहण्यालाही मर्यादा हवी. वरच्या सगळ्या तपासण्या झाल्यानंतरचा बदल अर्थ बदलत असेल तरच करा. "नमस्कार" की "सप्रेम नमस्कार" यावर संध्याकाळ गेली, तर ते न पाठवण्याचं निमित्त आहे.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी त्याच मेलला जोडून एकदाच आठवण करा, आणि त्यात काही नवं असू द्या. "माझा मेल पाहिलात का" एवढंच लिहिलं तर मागे लागल्यासारखं होतं. तिने लिहिलं असतं: उपकरणांना सहा महिने पूर्ण, सेलचा व्होल्टेज अमुक.

## ९. उत्तर आलं तर ते तुमच्याच आकड्यांवर येईल

ही पायरी लोक विसरतात. स्पष्ट मेलला येणारं पहिलं उत्तर बहुधा तांत्रिक प्रश्न असतो. तिला विचारलं गेलं: मायक्रोअँपिअर रेंजमध्ये मीटर लावल्यावर उपकरण जागं होताना रिसेट होत नव्हतं का?

प्रश्न खोचक नाही, अनुभवातून आलेला आहे. त्या रेंजमध्ये मीटरचा स्वतःचा रोध १०० ओहमच्या आसपास असू शकतो. प्रसारणाच्या वेळी १० मिलिअँपिअर वाहिले की मीटरवरच एक व्होल्ट पडतो आणि उपकरण कोलमडतं. तिने लिहिलं की उपकरण जागं असेपर्यंत मीटरला समांतर तार लावली होती आणि झोपल्यावर काढून आकडा घेतला. जागेपणीचा करंट १० ओहमचा रेझिस्टर लावून ऑसिलोस्कोपवर वेगळा पाहिला. तो सुमारे अर्धा सेकंद टिकत होता, म्हणून १० मिनिटांच्या सरासरीत ८ पडतात.

पहिल्या पायरीचा कागद जपून ठेवायचा तो यासाठी. मोजमापाची पद्धत, उपकरणं, तारखा, सगळं त्यावर असू द्या.

दुसरा प्रश्न होता: उणे तापमानात हे टिकेल? त्यावर तिने लिहिलं: "शून्याखाली मी मोजलेलं नाही. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे झोपेतल्या करंटपेक्षा प्रसारणाच्या क्षणी व्होल्टेज कोसळणं ही आधीची अडचण असेल. मी चाचणी तिथून सुरू करेन."